वर्गापुढे ‘पाणी’ मांडताना: तीन मिनिटांचं भाषण आणि एक कोरी चिठ्ठी

प्रश्न: मी नववीची वर्गप्रतिनिधी आहे. आमच्या वर्गाने यंदा वर्षभरासाठी ‘पाणी’ हा विषय घेतला आहे. सोमवारी बाई मला तीन मिनिटं देणार आहेत. विषयाची ओळख करून द्यायची आणि वर्षभरात पाण्याबद्दल काय काय करता येईल ते मुलांनाच विचारायचं. मी लिहिलेलं भाषण ‘पाणी म्हणजे जीवन’पासून सुरू होतं आणि ‘तर मित्रांनो, आपल्या कल्पना जरूर सुचवा’वर संपतं. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, निबंध वाटतोय, आणि कुणी काही सुचवणार नाही. काय बदलू?

उत्तर:

तुझ्या मैत्रिणीने दोन वेगळे दोष सांगितलेत आणि त्यांतला दुसरा जास्त गंभीर आहे. निबंधासारखं भाषण वर्ग निमूटपणे ऐकून घेतो, कारण तीन मिनिटांचाच तर प्रश्न असतो. पण भाषण संपल्यावर हातात काहीच आलं नाही, तर वर्षभराचे विषय बाई आणि तू मिळून ठरवाल, आणि वर्ग ते काम ‘त्यांचं’ म्हणून उरकेल. म्हणून हे भाषण शेवटाकडून लिहायला घे. तुझं बोलणं थांबल्यावर पुढच्या दोन मिनिटांत प्रत्येक जण नेमकं काय करणार आहे, ते आधी ठरव. ते ठरलं की सुरुवातीला काय बोलायचं आणि काय गाळायचं, हे फारसं अवघड राहत नाही.

‘कल्पना जरूर सुचवा’ हे वाक्य ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. कल्पना म्हणजे केवढी गोष्ट? एक शब्द, एक प्रयोग, की अख्खा प्रकल्प? ती कुणाकडे द्यायची? कधीपर्यंत? ज्याला हे कळलेलं नाही तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण ‘उत्साह नाही’ असं म्हणून मोकळे होतो. त्यातून तू ‘कुणाला काही सुचतंय का?’ असं विचारलंस, तर नेहमीचे तीन-चार हात वर होतील. पहिला म्हणेल ‘प्रदूषण’. दुसरा म्हणेल ‘नदीचं प्रदूषण’, तिसरा ‘समुद्राचं’. पहिलं उत्तर मोठ्याने आलं की बाकीच्यांची डोकी त्याच वाटेने जातात. मुलांची अक्कल कमी पडते म्हणून हे होत नाही, मोठ्यांच्या सभांमध्येही हेच चालतं. त्यामुळे पहिल्या फेरीत कुणी बोलायचंच नाही. प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीवर, शांतपणे, एकट्याने लिहायचं. वाचून दाखवणं, चर्चा, मतदान हे सगळं नंतर.

चिठ्ठीवर काय लिहायला सांगायचं, हा या भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे. ‘विषय लिहा’ म्हटलंस तर मथळे येतील: पाणीटंचाई, जलप्रदूषण, पाण्याची बचत. निम्म्या चिठ्ठ्यांवर हेच तीन. मथळ्यावर वर्षभर काय, एक तासही काम करता येत नाही, कारण त्याला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. म्हणून विषयाऐवजी प्रश्न माग, आणि तो कसा हवा तेही सांग. मी मुलांना देते ते वाक्य असं आहे:

‘पाण्याबद्दलचा असा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला आत्ता माहीत नाही, आणि जे आपल्याला बघून, मोजून, वाचून किंवा कुणाला विचारून शोधता येईल.’

या वाक्याचे दोन्ही भाग आपापलं काम करतात. ‘आत्ता माहीत नाही’ म्हटल्यामुळे पाठ्यपुस्तकातले प्रश्न गळतात. पाण्याचं रासायनिक सूत्र काय, हा प्रश्न कुणी लिहीत नाही. शिवाय ज्याला विशेष काही येत नाही असं स्वतःलाच वाटतं, त्या मुलाला इथे फायदा मिळतो, कारण माहीत नसणं हीच अट आहे. ‘शोधता येईल’ म्हटल्यामुळे ‘जगातलं पाणी कधी संपणार?’ यासारखे फुगे कमी होतात आणि मुलं आपल्या आवाक्यातल्या गोष्टींकडे वळतात. हे वाक्य भाषणाच्या आधीच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, आणि भाषणात एकदा मध्ये आणि एकदा अगदी शेवटी म्हण. ऐकलेलं वाक्य लिहायला बसेपर्यंत अर्धं विसरलेलं असतं.

आता उदाहरणं द्यावीत की नाही? दिलीच पाहिजेत, नाहीतर केवढा प्रश्न अपेक्षित आहे ते कळत नाही. पण उदाहरणांत धोका असतो, वर्ग त्यांचीच नक्कल करतो. तू बचतीचं एक उदाहरण दिलंस तर चाळीस चिठ्ठ्यांवर बचत येईल. यावर मला तरी एकच उपाय लागू पडलेला दिसतो. तीन उदाहरणं द्यायची आणि ती एकमेकांपासून इतकी लांबची घ्यायची की त्यांच्यामधली सगळी जागा मोकळी दिसावी. एक संगीतातलं, एक इतिहासातलं, एक भाषेतलं, असं. विज्ञान, पर्यावरण आणि टंचाई तुझ्या मदतीशिवायही येणारच आहेत. आणि तुला स्वतःला वर्षभर करायला आवडेल असा जो प्रश्न आहे, तो उदाहरणात घालू नकोस. चिठ्ठीवर लिही, इतरांसारखा.

दिलेल्या उदाहरणांची उत्तरं तुला स्वतःला ठाऊक हवीत, कारण मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणारच. पेल्यांत कमी-जास्त पाणी भरून चमच्याने हळूच वाजवलं तर जास्त पाण्याचा पेला खालचा सूर देतो. काच थरथरते तेव्हा तिला पाण्याचं ओझंही हलवावं लागतं, म्हणून कंपनं मंद होतात. मजा अशी की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून आवाज काढला तर नेमकं उलट होतं. पाणी जास्त म्हणजे वरची हवेची पोकळी लहान, म्हणून सूर चढतो. भाषणात हे सांगू नकोस. फक्त ‘सूर का बदलतो’ एवढं विचार आणि सोडून दे.

इतिहासाचं उदाहरण म्हणून १८५४ सालची लंडनची कॉलऱ्याची साथ चांगली आहे. तेव्हा बहुतेकांचा समज होता की कॉलरा दूषित हवेने होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कुठल्या घरात किती माणसं दगावली ते नकाशावर मांडलं, तर मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. हे उदाहरण वापरणारे पुढे हमखास म्हणतात, ‘आणि साथ थांबली.’ ते म्हणू नकोस. दांडा काढेपर्यंत साथ आधीच ओसरू लागली होती, हे खुद्द स्नोनेच नोंदवलं आहे. त्याचं मोठेपण त्या नकाशात आणि घरोघरी जाऊन केलेल्या चौकशीत आहे.

आता सुरुवात. ‘पाणी म्हणजे जीवन’ काढून टाक. वाक्य खोटं नाही, पण ते ऐकताक्षणी वर्गाला पुढची अडीच मिनिटं पाठ असतात आणि कान मिटतात. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ वगैरेही नको. समोर रोजचे सोबती आहेत आणि व्यासपीठही नाही. ‘तिसरं महायुद्ध पाण्यावरून होईल’ हे तर अजिबात नको. ते नेमकं कोण कधी म्हणालं हे कुणी सांगत नाही, आणि ते ऐकून मुलाला लिहिण्यासारखा एकही प्रश्न सुचत नाही.

आकड्यांनी सुरुवात करायचा मोह होईल. तुझ्या मसुद्यात ते असतीलच असं मी धरून चालते, कारण पाण्यावरच्या जवळजवळ प्रत्येक भाषणात दोन आकडे असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही ढिले असतात. एक, ‘शरीरात सत्तर टक्के पाणी असतं.’ मोठ्या माणसात ते साधारण साठ टक्के असतं, तान्ह्या बाळात पंचाहत्तरच्या आसपास. दुसरा, ‘पृथ्वीवरचं फक्त तीन टक्के पाणी पिण्यायोग्य आहे.’ गोडं पाणी साधारण अडीच टक्के आहे हे खरं, पण त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं आहे आणि उरलेल्यातलं जवळपास सगळं जमिनीखाली. जगातलं सगळं पाणी एक लिटरच्या बाटलीत आहे असं मानलं, तर गोडं पाणी पंचवीस मिलिलिटर भरेल. सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून जेमतेम थेंब-दीड थेंब. हे ड्रॉपरने करून दाखवलं तर फार छान दिसतं, आणि एखाद्या महिन्याच्या कामाची सुरुवात म्हणून मी ते जरूर करीन. पण या भाषणासाठी नाही. ते बघून मुलं थक्क होतात आणि गप्प होतात. तुला त्यांना विचारतं करायचं आहे.

त्यासाठी तू स्वतः मोजलेली, त्यांनी रोज पाहिलेली एखादी छोटी गोष्ट घे. शाळेत गळका नळ असतोच. सोमवारच्या आधी एका दिवशी त्याच्याखाली भांडं ठेव, दहा मिनिटं घड्याळ लाव आणि साठलेलं पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओत. थेंब मोजायच्या भानगडीत पडू नकोस. सगळ्या नळांचे थेंब सारख्या आकाराचे नसतात, त्यामुळे ‘इतके थेंब म्हणजे इतकं पाणी’ हा हिशेब हटकून चुकतो. घनफळ आणि वेळ, दोनच गोष्टी लिही. समजा शंभर मिलिलिटर जमलं. मिनिटाला दहा, तासाला सहाशे, चोवीस तासांत १४.४ लिटर. इथवरच थांब. त्याला तीनशे पासष्टने गुणून पाच हजार लिटर म्हणायचा मोह होतो, पण नळातला दाब दिवसभर सारखा नसतो, रात्री तो वाढू किंवा घटू शकतो, आणि कधी पाणी बंदही असतं. दहा मिनिटांच्या मापावर वर्षाचा इमला उभा केलास तर गणितात हुशार असलेला पहिला मुलगा तो पाडेल, आणि त्याचं बरोबरच असेल. दिवसाचा आकडा सांगतानासुद्धा ‘हाच वेग राहिला तर’ हे चार शब्द गाळू नकोस.

नळ गळत नसेल तर (आनंदच आहे) शाळा सुटताना वर्गातल्या बाटल्यांमध्ये उरलेलं पाणी एका बादलीत गोळा करून मोज. तेही तितकंच चालेल. गोष्ट कुठली यापेक्षा ती तू मोजलेली आहे आणि त्या मापातून लगेच नवे प्रश्न फुटतात, हे महत्त्वाचं. नळ कोण दुरुस्त करतं? वायसर म्हणजे काय? बाकीचे नळ किती गळतात? गळलेलं पाणी जातं कुठे? यातलं एकही तू विचारायचं नाहीस. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ते आपसूक येऊ देत.

बोलायला उभं राहण्याआधी बाईंकडून चार गोष्टी पक्क्या करून घे. प्रश्न निवडणार कोण, मुलं की बाई? वर्षभरात साधारण किती प्रश्न घेता येतील? त्यासाठी वेळ कुठला मिळणार? आणि शेवटी काय तयार करायचं, वही, भिंतीवरचा तक्ता, की प्रदर्शन? याची उत्तरं माहीत नसताना तू ‘आपण सगळे मिळून ठरवू’ म्हणालीस आणि पुढे बाईंनी यादी आणली, तर पुढच्या वेळी तुझ्या चिठ्ठ्या कोऱ्याच परत येतील. अंतिम निवड बाईच करणार असतील तर तसं सरळ सांग. ‘तुमच्या प्रश्नांतून बाई निवडतील’ हेही मुलांना पटतं. फसवलं गेल्याचं तेवढं पटत नाही.

लांबीचं म्हणशील तर मराठी सावकाश, समजेल असं बोललं की मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द कोंबता येतील, पण कोंबू नकोस. अडीचशेच्या आसपास लिही. उरलेला वेळ थांबण्यात जातो आणि तो जायलाच हवा. चिठ्ठ्या लिहायची दोन मिनिटं बाईंकडून वेगळी मागून घे. मी मसुदा असा करीन:

> (हातात पाण्याची छोटी बाटली)
>
> या बाटलीत शंभर मिलिलिटर पाणी आहे. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी आपल्या मजल्यावरच्या शेवटच्या नळाखाली भांडं ठेवलं. नळ बंद होता. दहा मिनिटांत एवढं पाणी साठलं.
>
> दहा मिनिटांत शंभर, म्हणजे तासाला किती? (थांबायचं) सहाशे. हाच वेग राहिला तर दिवसरात्र मिळून चौदा लिटरांहून जास्त.
>
> तो नळ गळतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. किती गळतो, हे शुक्रवारपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.
>
> या वर्षी आपल्या वर्गाचा विषय आहे पाणी. एक दिवस घोषणा आणि भित्तिपत्रकं, असं आपण करणार नाही. दर महिन्याला पाण्याबद्दलचा एक प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर आपणच शोधायचं. वर्षाच्या शेवटी आपल्या प्रश्नोत्तरांची एक जाड वही तयार झालेली असेल.
>
> हे प्रश्न अजून ठरलेले नाहीत. ते तुमच्याकडून यायचे आहेत, आणि ते विज्ञानाचेच हवेत असं मुळीच नाही. पेल्यात पाणी भरून चमच्यानं वाजवलं तर सूर का बदलतो? हा पाण्याचाच प्रश्न. १८५४ साली लंडनमधल्या एका डॉक्टरनं नकाशा काढून साथीचं मूळ एका पंपापर्यंत कसं शोधलं? हाही पाण्याचा. कुणाला ‘पाण्यात पाहणं’ किंवा ‘तोंडचं पाणी पळणं’, असे पाण्याचे वाक्प्रचार मराठीत किती असतील? हाही.
>
> आता पुढच्या बाकांवरून कोऱ्या चिठ्ठ्या मागे येतील. प्रत्येकानं एक घ्या. तिच्यावर पाण्याबद्दलचा असा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला आत्ता माहीत नाही, आणि जे आपल्याला बघून, मोजून, वाचून किंवा कुणाला विचारून शोधता येईल. नाव लिहायचं नाही. दोन मिनिटं आहेत, आणि ही दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही.
>
> आत्ता सुचलं नाही तर चालेल. फळ्याजवळचा खोका गुरुवारपर्यंत तिथेच असेल. शुक्रवारी सगळे प्रश्न भिंतीवर लागतील आणि पहिल्या महिन्याचा प्रश्न आपण मतं घेऊन निवडू.
>
> (फळ्याकडे वळून) पुन्हा वाचते. ज्याचं उत्तर आत्ता माहीत नाही, आणि जे आपल्याला शोधता येईल. करा सुरुवात.

यात ‘धन्यवाद’ नाही, हे मुद्दाम. धन्यवाद म्हटलं की टाळ्या पडतात, टाळ्या पडल्या की कार्यक्रम संपतो, आणि संपलेल्या कार्यक्रमात कुणी चिठ्ठी लिहीत नाही. आभार मानायचेच असतील तर खोक्यातल्या चिठ्ठ्या गोळा करताना मान.

‘तासाला किती?’ या जागी खरोखर थांब. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधल्या संवादांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. पुढे उभं असताना तीन सेकंद भलतेच मोठे वाटतात. मनात एक-दोन-तीन म्हण, बाटलीकडे बघ, पण तोंड उघडू नकोस. कुणीतरी ‘सहाशे’ म्हणेलच, आणि त्या क्षणी भाषण त्यांचंही होतं.

चिठ्ठ्या भाषणाआधी वाटू नकोस. हातात कागद आला की त्याचं विमान होतं किंवा त्यावर चित्र निघतं. पुढच्या बाकांवर आधीच गठ्ठे ठेव आणि ‘आता’ म्हटल्यावरच मागे जाऊ दे. दोन मिनिटांत तू वर्गात फिरू नकोस, कुणाच्या खांद्यावरून वाचू नकोस. स्वतःची चिठ्ठी लिहीत बस.

शुक्रवारच्या आधी तुला एक काम आहे, आणि पुष्कळ जण ते टाळतात. सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर पसरायच्या. काही चिठ्ठ्यांवर तू कितीही सांगितलंस तरी मथळाच असेल. ‘पाणीप्रदूषण’. तो फेकू नकोस. त्याला तीन प्रश्न विचार: कुठलं पाणी? कुणाला माहीत असेल? कशावरून कळेल? असं करताना ‘पाणीप्रदूषण’चं ‘शाळेची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली आणि त्याची नोंद कोण ठेवतं?’ होऊ शकतं. हे काम एका मुलाखतीचं आणि एका नोंदवहीचं आहे. मूळ शब्द वर लिही, खाली नवा प्रश्न, म्हणजे ज्याने लिहिला त्याला आपला ओळखता येईल आणि पटला नाही तर सांगता येईल.

विनोदी चिठ्ठ्या येतील. ‘मासे पाण्यात रडतात का?’ त्याही लाव. अनेकदा त्यांच्यात दम असतो. माशांचं जाऊ दे, पण ‘अश्रू खारट का असतात’ इथपर्यंत तरी हा प्रश्न पोचतोच. ज्या चिठ्ठीत कुणाची टिंगल असेल तेवढीच बाजूला कर, काही न बोलता. आणि ज्या प्रश्नासाठी विहिरीत वाकावं, नदीकाठी जावं किंवा कुठलं पाणी चाखून बघावं लागेल, तो मतदानाआधी बाईंना दाखव. चाखणं तर कुठल्याच परिस्थितीत नाही.

मग बघायचं ते वेळेचं गणित. काही प्रश्न एका तासात सुटतात, पेल्यांचा सूर हा तसा आहे. काहींना महिना लागतो. आणि काही असे असतात की सुरुवात चुकली तर वर्ष वाया जातं. समजा एका चिठ्ठीवर आलं, ‘आपल्या शाळेच्या छतावर पावसाचं किती पाणी पडतं?’ हा खरा वर्षभराचा प्रश्न आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, इतका सोपा त्याचा हिशेब आहे. छत दोनशे चौरस मीटरचं असेल आणि एका दिवसात दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या दिवशी छतावर दोन हजार लिटर पाणी पडलं. सगळंच पन्हाळीतून खाली येत नाही, थोडं छत ओलं होण्यात जातं आणि थोडं वाफ होतं, तो फरक शोधणं हे पुढचं काम. मोजायला सरळ उभ्या बाजूंचं, सपाट तळाचं कुठलंही भांडं आणि एक पट्टी पुरते. बाजू तिरक्या असतील तर पट्टीवरचा आकडा खोटा येतो, कारण तोंड मोठं आणि तळ लहान असला की पाणी वाजवीपेक्षा जास्त चढतं. भांडं झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवायचं आणि रोज एकाच वेळी वाचायचं.

पण पावसाळ्याचे पहिले आठवडे निघून गेल्यावर हा प्रश्न निवडला, तर आकडे अर्धवटच राहणार. म्हणून भिंतीवर प्रश्न लावताना तीन गट कर: लगेच सुरू करावे लागतील असे, कधीही घेता येतील असे, आणि एका तासात होतील असे. ‘लगेच’ गटातल्या प्रश्नांना महिन्याच्या मतदानाची वाट बघायला लावू नकोस. दोन-तीन मुलं तयार असतील तर त्यांना मोजणी सुरू करू दे. वर्गाने तो प्रश्न नंतर कधी निवडला तर आकडे तयार असतील, आणि नाही निवडला तरी बिघडलं काहीच नाही.

मतदानात एक खबरदारी घे. हात वर करून मतं घेतलीस तर मुलं आधी आपल्या मित्राच्या हाताकडे बघतात. प्रत्येकाला पेनाने दोन टिंबं द्यायला सांग, दोन वेगवेगळ्या प्रश्नांवर, मधल्या सुट्टीत येता-जाता. दोन टिंबं असली की एक आपल्या प्रश्नाला जातं आणि दुसरं तरी खरं मत असतं. सगळ्यात कमी टिंबं मिळालेले प्रश्न भिंतीवरून काढू नकोस. महिना-दोन महिन्यांनी वर्ग त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, विशेषतः पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाती आल्यावर.

आणि तो नळ. सोमवारी भाषण झाल्यावर शाळेच्या कार्यालयात तुझी मोजणी लिहून दे: कुठला नळ, कधी मोजला, दहा मिनिटांत किती पाणी. दुरुस्त झाला तर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा भांडं ठेव आणि दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर टाक. झाला नाही, तर पहिल्या महिन्याचा प्रश्न बहुधा तुला मतदानाआधीच कळेल.